होकार कोणाचा आणि कोणत्या तारखेला

नवीन काम मिळालं की पहिली बैठक बहुतेक चांगलीच होते. चहा येतो, मालक कारखाना फिरवून दाखवतात, सगळे सगळ्याला हो म्हणतात. त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाला एक पत्र जायला हवं. आमच्या धंद्यात त्याला किक-ऑफचं कन्फर्मेशन म्हणतात. बैठकीत काय ठरलं ते लिहून कळवण्याचं पत्र, इतकाच त्याचा अर्थ. पुष्कळ लहान कार्यालयं ते पाठवतच नाहीत. जी पाठवतात त्यांच्या पत्रात आभार जास्त आणि माहिती कमी असते. मी अशी बरीच पत्रं लिहिली आहेत, काही वाईट लिहिली आहेत आणि त्यांची किंमतही मोजली आहे. म्हणून एका पत्राची बांधणी इथे सविस्तर दाखवतो.

उदाहरण भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याचं घेऊ. तिथे मशीनचे सुटे भाग बनतात. काही भाग हीट ट्रीटमेंटला जातात, काही प्लेटिंगला. म्हणजे माल चलनावर बाहेर जातो आणि काम होऊन परत येतो. कोणाकडे किती नग पडून आहेत याचा हिशेब स्टोअरकीपरच्या रजिस्टरमध्ये असतो. हा हिशेब नीट नसेल तर नुसता गोंधळ होऊन भागत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो, किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. मालकांना हा हिशेब संगणकावर हवा आहे. आमच्यासारख्या पुण्यातल्या तीन-चार माणसांच्या सॉफ्टवेअर कार्यालयाला त्यांनी काम दिलं, पीओ काढली आणि सोमवारी, 1 जूनला कारखान्यात बैठक झाली.

मंगळवारी, 2 जूनला पत्र जातं. सुरुवात अशी:

«काल आपल्या कारखान्यात झालेल्या बैठकीत जे ठरलं असं आम्ही समजलो, ते खाली लिहिलं आहे. कामाची व्याप्ती आणि रक्कम आपल्या पीओप्रमाणेच आहे. या पत्राने त्यात बदल होत नाही. काही चुकीचं किंवा राहिलेलं असेल तर शुक्रवार, 5 जूनपर्यंत कळवावं, म्हणजे दुरुस्त पत्र पाठवता येईल.»

यातलं दुसरं वाक्य मी कधीच गाळत नाही. बैठकीत उत्साहाच्या भरात दोन-चार जास्तीच्या गोष्टी बोलल्या जातात. कोणी म्हणतं, मोबाइलवरही दिसलं तर बरं होईल. आपण मान डोलावतो. अशा गोष्टी पत्रात «ठरलं» म्हणून शिरल्या की पुढे त्या फुकट करून द्याव्या लागतात. त्या लिहाव्यात, पण वेगळ्या: चर्चेत आल्या, पीओमध्ये नाहीत, हव्या असतील तर वेगळं कोटेशन देऊ. ग्राहकालाही यात फायदा आहे, कारण आपलं बोलणं हवेत विरलं नाही हे त्याला दिसतं.

त्यानंतर माणसं येतात. इथे पत्राचा खरा कस लागतो.

इंग्रजीतला स्टेकहोल्डर हा शब्द आता मराठी बैठकांतही सर्रास ऐकू येतो. त्याचा अर्थ सहसा बैठकीला हजर असलेल्यांची यादी असा घेतला जातो: नावं, हुद्दे, फोन नंबर. या यादीचा उपयोग फोन लावण्यापुरताच. मला चार गोष्टी कळायला हव्या असतात. हे सॉफ्टवेअर रोज हातात कोण धरणार? त्यातलं बरोबर-चूक कोण ठरवणार? शेवटचा होकार कोण देणार? आणि चेकवर सही कोणाची? मोठ्या कंपनीत या चार गोष्टी चार खात्यांत विखुरलेल्या असतात. घरगुती कारखान्यात कधी दोन माणसांत सामावतात, आणि त्यातला एक जण बैठकीला नसतो.

एका कारखान्यात आमचं असंच झालं होतं. धाकट्या मालकांनी आम्हाला बोलावलं, त्यांनीच तीन महिने प्रत्येक टप्पा पाहिला आणि पसंत केला. आमच्या पहिल्या पत्रात फक्त त्यांचं नाव होतं. काम सोपवायच्या दिवशी थोरले मालक पहिल्यांदा समोर बसले. पाच मिनिटं शांतपणे पाहिल्यावर त्यांनी विचारलं, परत आलेल्या मालात जो रिजेक्ट निघतो तो कुठे लिहायचा? रिजेक्ट नगांसाठी आम्ही जागाच ठेवलेली नव्हती. प्रश्न अगदी योग्य होता, आणि तो पहिल्या आठवड्यात विचारला गेला असता तर दोन दिवसांचं काम होतं. शेवटी विचारला गेला म्हणून सगळ्या नोंदींची मांडणी बदलावी लागली. त्यात दोन महिने गेले आणि त्यांचे पैसे मिळाले नाहीत. दोष त्यांचा नव्हता. तुमच्याकडे अंतिम होकार कोणाचा, हे आम्ही लिहून विचारलंच नव्हतं.

म्हणून आता पत्रातला हा भाग असा असतो:

«नोंदीची पद्धत रोजच्या कामाला जुळते की नाही हे आपले स्टोअरकीपर सांगतील. चलनाचा नमुना आणि जीएसटीच्या बाबी अकाउंटंट तपासतील. दोघांचं म्हणणं एकत्र करून मंजुरी धाकटे मालक देतील. ते बाहेरगावी असतील तर अकाउंटंट देतील. थोरले मालक 7 जुलैच्या आढाव्याला स्वतः हजर राहतील आणि त्यांची संमती मिळाल्यावरच पुढचा टप्पा सुरू होईल. आमच्या बाजूने एकच माणूस आपल्याशी बोलेल.»

प्रत्यक्ष पत्रात अर्थात प्रत्येकाचं नाव असतं. होकार देणाऱ्याच्या गैरहजेरीत कोण, हेही लिहिलेलं असतं, कारण लग्नसराई, प्रदर्शन, आजारपण यांतलं काहीतरी तीन महिन्यांत येतंच. थोरल्या मालकांनी दर आठवड्याला वेळ द्यावा अशी अपेक्षा धरणं चुकीचं आहे. पण एका ठरलेल्या दिवशी, बदल अजून स्वस्त आहेत तोवर, त्यांनी एकदा पाहावं एवढं मागता येतं.

आमच्या बाजूने एकच माणूस का, याचं गणित सोपं आहे. त्यांचे चार आणि आमचे तीन अशी सात माणसं धरली, तर दोघादोघांच्या एकवीस जोड्या होतात. त्यातली कोणतीही जोडी फोनवर काहीतरी ठरवू शकते आणि बाकीच्या पाचांना त्याचा पत्ता नसतो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्ये सॉफ्टवेअरच्या कामावर लिहिलेल्या पुस्तकात हेच गणित मांडलं होतं: माणसं वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातल्या जोड्या फार वेगाने वाढतात. दोन्ही बाजूंना एकेक माणूस नेमला म्हणजे बोलणं बंद होत नाही. ठरलेल्या गोष्टी मात्र एकाच दारातून ये-जा करतात.

आता हे बोलणं कुठे व्हायचं, ते. आपल्याकडे बैठक संपायच्या आत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार झालेला असतो आणि त्याला माझा विरोध नाही. स्टोअरकीपर चलनाचा फोटो काढून टाकतात आणि पाच मिनिटांत शंका फिटते. ईमेलवर हे कधीच होणार नाही. अडचण तिथे गोष्टी ठरवल्या गेल्या की सुरू होते. चार महिन्यांनी, वजनाचा रकाना काढायला कोणी सांगितलं होतं, हे शोधायला बसलं की सणांच्या शुभेच्छा, गाडीचे फोटो आणि व्हॉइस मेसेज यांच्या ढिगाऱ्यात ते वाक्य सापडत नाही. व्हॉइस मेसेजमध्ये शब्द शोधायचा म्हटलं तर सगळे पुन्हा ऐकत बसावे लागतात. ग्रुपमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज कोणी चालू केले असतील, तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी मजकूर गेलेलाच असतो.

आमचा नियम पत्रात एका ओळीत असतो: बोलणं ग्रुपवर किंवा फोनवर, ठरणं ईमेलवर. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी आमचा माणूस दोन ओळींचा ईमेल टाकतो, आणि तो जाईपर्यंत आम्ही बदलाला हात लावत नाही. ही लिहिण्याची जबाबदारी आम्ही स्वतःकडे ठेवतो. ग्राहकाने ईमेल करावा असा आग्रह धरला की ईमेल येत नाही आणि कामही थांबतं.

पण या कारखान्यातले स्टोअरकीपर ईमेल वापरत नाहीत. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी इंग्रजी ईमेलमध्ये शिरल्या, तर आपण काय सांगितलं असं लिहिलं गेलं हे त्यांनाच कळणार नाही. म्हणून असं पत्र मी मराठीत लिहितो, आणि त्याची छापील प्रत स्टोअर्सच्या टेबलावर जाईल असं पाहतो. पीओ आणि बिल इंग्रजीत राहू द्या. ज्याच्या रोजच्या कामावर हे सगळं बेतलं आहे, त्याला पत्र वाचता आलं पाहिजे.

पहिल्यांदा काय हातात द्यायचं, यात उतावळेपणा नडतो. ग्राहकाला लवकर काहीतरी चालू झालेलं दिसावं अशी इच्छा असते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत रंगीत स्क्रीन दाखवल्या जातात. लोक रंगांवर बोलतात आणि हिशेबाकडे कोणी पाहत नाही. आम्ही पहिली गोष्ट कागदावर देतो. शुक्रवार, 12 जूनला चार स्क्रीनची साधी रेखाटनं: माल पाठवण्याचं चलन, परत आलेल्या मालाची नोंद, रिजेक्टची नोंद आणि कोणाकडे किती शिल्लक याचा तक्ता. कागदावरची चूक खोडरबराने जाते.

आणि ती गोष्ट पसंत पडली हे ओळखायचं कसं, तेही पत्रात असतं:

«स्टोअरकीपर जुन्या रजिस्टरमधली त्यांच्या पसंतीची कोणतीही वीस चलनं निवडतील. ती सर्व या कागदी नमुन्यांत पूर्णपणे भरता आली, कोणताही आकडा समासात लिहावा लागला नाही, तर नमुना मंजूर समजला जाईल.»

वीस चलनं आम्ही निवडत नाही, ते निवडतात. अनुभवी माणूस हमखास वाकडीतिकडी चलनं काढतो, आणि कामाला तीच हवी असतात. प्लेटिंगचं उदाहरण घ्या. कारखाना माल नगांत देतो आणि प्लेटिंगवाला तो किलोत मोजून घेतो, कारण त्याचा दर किलोवर असतो. परत येताना चढलेल्या थराचं वजनही त्यात येतं. नग आणि किलो असे दोन्ही आकडे एकाच चलनावर लागतात आणि परतीचं वजन जाताना होतं तितकंच नसतं, हे बैठकीत कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं काही नसतंच. विसातल्या तिसऱ्या-चौथ्या चलनाला पेन अडतं आणि मग ते बाहेर येतं.

पहिल्या टप्प्याचा दुसरा अर्धा भाग ग्राहकाने द्यायचा असतो, आणि बहुतेक पत्रांत नेमका तोच नसतो. इथे कारखान्याकडून जॉबवर्करची जीएसटी क्रमांकांसह यादी, भागांची यादी आणि मागच्या तीन महिन्यांच्या चलनांच्या झेरॉक्स लागतात. तारीख सोमवार, 8 जून, देणारे अकाउंटंट. पुढे एक वाक्य: हे जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस 12 जून पुढे सरकेल. ते लिहिताना अवघडल्यासारखं होतं हे मला माहीत आहे. पण कामाच्या पहिल्याच दिवशी ते कोणाला लागत नाही. जुलैत, उशीर झाल्यावर, तेच वाक्य तक्रारीसारखं वाचलं जातं.

मग आढाव्याच्या तारखा. पूर्वी आम्ही लिहायचो: नमुना मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत अभिप्राय द्यावा. वाक्य नेटकं दिसतं, पण भोसरीत त्याला अर्थ उरत नाही. तिथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमचं कार्यालय शनिवार-रविवार बंद. दोघांचेही कामाचे असे दिवस आठवड्यात चारच: सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी दिलेल्या नमुन्याचा पाचवा कामाचा दिवस त्यांच्या मोजणीने पुढच्या बुधवारी येतो, आमच्या मोजणीने शुक्रवारी. म्हणून आता दिवस मोजायचेच नाहीत. वार आणि तारीख लिहायची.

तारीख निवडताना समोरच्याच्या महिन्याकडेही पाहावं लागतं. अकाउंटंटकडे 11 तारखेला विक्रीचं जीएसटी विवरण असतं, 20 तारखेला 3बी, आणि जूनमध्ये 15 तारखेला आगाऊ आयकराचा हप्ता. त्या आसपास त्यांना नमुना तपासायला दिला, तर ते हो म्हणतात आणि तपासत नाहीत. असा न पाहता दिलेला होकार नकारापेक्षा महाग पडतो. म्हणून आढावा मंगळवार, 16 जूनला दुपारी तीन वाजता, कॉन्फरन्स टेबलाऐवजी स्टोअर्समध्येच. लेखी अभिप्राय 20 उलटून गेल्यावर, सोमवार, 22 जूनपर्यंत. त्यानंतर शुक्रवार, 3 जुलैला फक्त हीट ट्रीटमेंटच्या एका जॉबवर्करपुरतं चालतं सॉफ्टवेअर, आणि मंगळवार, 7 जुलैला थोरल्या मालकांसमोर त्याचा आढावा.

त्या तारखेपर्यंत काहीच उत्तर आलं नाही तर काय, हे लिहिताना जपावं लागतं. «उत्तर न आल्यास मंजूर समजू» असं एकतर्फी लिहून टाकलं की आपण सुरक्षित झालो असं अनेकांना वाटतं. 1872 च्या करार कायद्यात स्वीकार कळवावा लागतो; नुसतं गप्प राहणं सहसा स्वीकार ठरत नाही. ग्राहकाने पत्राला «वाचलं, मान्य आहे» असं उत्तर दिलं, तर मात्र त्यातल्या तारखांना त्याची संमती मिळते, आणि ते उत्तर ईमेलवर आलं म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ त्यासाठीच आहे. म्हणून पत्राच्या शेवटी आम्ही उत्तर मागतो आणि ते येईपर्यंत कामाचा पहिला दिवस धरत नाही.

लहान कार्यालयाने उद्यम नोंदणी केली असेल, तर त्याला आणखी एक आधार आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सेवा किंवा माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर तो मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. पैसे देण्याची मुदत तिथून मोजतात, आणि आपसात काहीही ठरवलं तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पण यासाठी कोणत्या दिवशी काय सुपूर्त केलं हे दाखवता यायला हवं. पत्रात 12 जून, चार नमुने आणि घेणाऱ्याचं नाव असेल, आणि त्या दिवशी पोचपावती घेतली असेल, तर ते एका कागदावर दाखवता येतं. ग्राहकावर दडपण आणायला मी हे कलम पत्रात कधी लिहीत नाही. तारखा मात्र तितक्या काटेकोर ठेवतो.

पत्र दीड पानाचं होतं. त्याहून मोठं झालं तर कोणी वाचत नाही, आणि मग मिळणाऱ्या होकाराचा उपयोग नसतो. वाचलं गेलं की नाही हे उत्तरावरून ओळखता येतं. अंगठ्याचं चिन्ह किंवा नुसतं «ओके» आलं तर मी फोन करतो आणि दोनच गोष्टी तोंडी विचारतो: अंतिम होकार कोणाचा लिहिलाय, आणि तुमच्याकडून 8 तारखेला काय यायचंय? उत्तर चाचरत आलं, तर फोनवरच पत्र वाचून दाखवतो. याउलट दुरुस्त्या आल्या की मला हायसं वाटतं.

या उदाहरणात अशा दुरुस्त्या दोन. अकाउंटंट लिहितात की कलम 143 च्या मुदतीचा इशारा कोणाकडे जायचा हे ठरवण्यासाठी कारखान्याच्या बाहेरच्या सीएंना विचारावं लागेल. बैठकीत त्यांचा उल्लेखही झाला नव्हता. त्यांचं नाव पत्रात तपासणाऱ्यांमध्ये येतं. दुसरी दुरुस्ती स्टोअरकीपरांची. छापील प्रतीवर त्यांनी 7 जुलैभोवती पेनाने गोल केला आहे आणि शेजारी लिहिलं आहे: पालखी. वारी निघायच्या दिवसांत आळंदी-दिघीकडचे रस्ते बंद असतात, निम्मी माणसं दर्शनाला जातात, आणि थोरले मालक दरवर्षी दिघीपासून पुण्यापर्यंत पायी चालतात.

शुक्रवारी, 5 जूनला दुरुस्त पत्र जातं. वर «दुरुस्त प्रत, 2 जूनच्या पत्राऐवजी ही धरावी» अशी ओळ आहे, तपासणाऱ्यांत सीएंचं नाव आहे, आणि थोरल्या मालकांचा आढावा आता मंगळवार, 14 जुलैला आहे.